स्थळाचा फोटो आणि आठवी आज्ञा



रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात चार-पाच ठिकाणी घोळके जमतात. त्यातल्या एखाद्या घोळक्यात हमखास कोणीतरी मोबाईल पुढे करून म्हणते, "जरा बघा हो, आमच्या मुलीसाठी स्थळ आलंय. कसं वाटतं?" आम्हीही चष्मा पुसून बघतो. मुलगा निळ्या कोटात, पाठीमागे हिरवळ, चेहऱ्यावर हसू. मुली बहुधा साडीत. गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या एक गोष्ट लक्षात येऊ लागली आहे. कोट फार चांगला बसलेला असतो. साडीच्या निऱ्या फार चांगल्या पडलेल्या असतात. इतक्या चांगल्या की त्या कोणी नेसवलेल्या नसाव्यात, अशी शंका येते.

ती शंका बहुतेक वेळा खरी असते. फोनवरच्या प्रोग्रॅममध्ये साधा फोटो टाकायचा आणि 'हिला हिरवी साडी नेसव' किंवा 'याला कोट घाल' असे लिहायचे, की मिनिटभरात नवा फोटो तयार होतो. त्यासाठी स्टुडिओत जावे लागत नाही, पैसे लागत नाहीत. असा फोटो स्थळासाठी पाठवावा का, आणि पाठवलाच तर त्यावर काय लिहावे, हा प्रश्न आम्हाला या वर्षी तीन-चार पालकांनी विचारला. प्रश्न छोटा वाटतो. आम्हालाही तसाच वाटला होता.

प्रथम जुनी गोष्ट. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना स्टेशनजवळचे फोटो स्टुडिओ आठवत असतील. आत एक आरसा, कंगवा, पावडरचा डबा आणि खिळ्याला टांगलेला एक काळा कोट असे. तोच कोट आणि तोच टाय घालून किती जणांनी नोकरीच्या अर्जाचे आणि लग्नाचे फोटो काढले असतील, याची गणती नाही. पुढे संगणक आला आणि स्टुडिओवाले कोट घालायला देण्याऐवजी चेहरा कापून तयार कोटाच्या चित्रावर चिकटवू लागले. तेव्हा डोके थोडे मोठे दिसे, मानेचा रंग चेहऱ्याशी जुळत नसे, चेहऱ्यावर डावीकडून उजेड आणि कोटावर उजवीकडून. बघणाऱ्याला ते कळत असे आणि कोणाला त्यात गैर वाटत नसे.

मग आजच्या फोटोत वेगळे काय? उसना कोट माणसाच्या अंगावर चढत असे. खांद्याला सैल, बाहीला आखूड, पण आत माणूस त्याचाच होता. चिकटवलेल्या कोटात अंग दुसऱ्याचे असले तरी चिकटवल्याची खूण उघड दिसत होती. आजचा प्रोग्रॅम यातले काहीच करत नाही. तो कपडे बदलत नाही, तो सगळे चित्र नव्याने काढतो. साडी काढायची तर तिच्याखालचे खांदे, दंड, कंबर, मनगट हे सगळे त्याला अंदाजाने काढावे लागते, आणि त्याचा अंदाज त्याने पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून येतो. त्या चित्रांत जाहिरातींतले आणि सिनेमातले देखणे फोटो काही कमी नसतात. म्हणून आपण मागतो साडी आणि मिळते साडीसकट दुसरे अंग.

याचा एक गाजलेला दाखला सप्टेंबर 2025 मधला आहे. तेव्हा देशभर मुलींनी गूगलच्या जेमिनीकडून स्वतःचे जुन्या हिंदी सिनेमाच्या धर्तीचे साडीतले फोटो करून घेण्याची लाट आली होती. एका मुलीने पूर्ण बाह्यांच्या पोशाखातला फोटो दिला. तयार होऊन आलेल्या फोटोत तिच्या हातावर तीळ होता. तिच्या हातावर खरोखरच तसा तीळ आहे, पण दिलेल्या फोटोत तो झाकलेला होता. 'याला कसे कळले?' म्हणून ती घाबरली आणि वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. प्रोग्रॅमला ते कसे कळले असेल यावर अनेकांनी तर्क केले. आपल्या विषयापुरता मुद्दा इतकाच की फोटोत जे दिसत नव्हते तेही प्रोग्रॅमने रंगवले. एखाद्याच्या बाबतीत रंगवलेला तीळ खरा निघतो. दुसऱ्याच्या बाबतीत नसलेला तीळ येतो, किंवा असलेला डाग जातो.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू या. हे घर आम्ही चार घरांच्या हकिकती एकत्र करून बनवले आहे, म्हणून कोणी आपल्या शेजाऱ्याकडे बघू नये. आईवडील श्रीरामपूर तालुक्यातून घाटकोपरला आलेले, भटवाडीत दोन खोल्या, मुलगी सत्तावीस वर्षांची, एका लॅबोरेटरीत तंत्रज्ञ. जालन्याकडच्या एका चांगल्या घरातून निरोप येतो, "मुलीचा साडीतला फोटो पाठवा." मुलीकडे साडीतला फोटो नाही. कुर्ता आणि जीन्समधला एक आहे, सहलीला गेली असताना कठड्याला टेकून काढलेला. आई भाच्याला सांगते, भाचा फोनवर दोन मिनिटांत हिरव्या काठापदराच्या साडीतला फोटो करून देतो. आई खूश. संध्याकाळी मुलगी घरी येते, फोटो बघते आणि म्हणते, "आई, ही मी नाही गं."

"अगं, साडीच तर नेसवलीय!" आई म्हणते.

दोघींचेही खरे आहे. आईने साडीच मागितली होती. पण मूळ फोटो शेजारी ठेवून पाहिले तर पाच फरक दिसतात. कुर्त्याजागी साडी आली. डाव्या हातावर लहानपणी उकळते पाणी सांडल्याचा वण होता, तो गेला. दंड बारीक झाले. कंबर अरुंद झाली. रंग एक छटा उजळ झाला. पहिला फरक मागितलेला, बाकीचे चार न मागता आलेले.

हे खोटे बोलणे झाले का? संत ऑगस्टीन यांनी खोटेपणावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे आणि आपल्या कॅटेकिझममध्ये आठव्या आज्ञेच्या विवेचनात त्यांचाच आधार घेतला आहे. त्यांच्या मते खोटे बोलण्यात दोन गोष्टी लागतात, जे सांगितले ते असत्य असणे आणि समोरच्याला फसवण्याची इच्छा असणे. या आईच्या मनात फसवण्याची इच्छा नव्हती. म्हणून संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे मुलगी घरी येईपर्यंत, आई खोटे बोलत नव्हती, तिची फक्त चूक होत होती. पण मुलीने पाच फरक दाखवल्यानंतर, ते पाहून, "जाऊ दे, गेलाय तो गेलाय," असे म्हणून तिने तोच फोटो आणखी दोन घरांत पाठवला, तर तिथे गोष्ट बदलते. फोटो तोच, बोट तेच, पण आता माहिती आहे. प्रोग्रॅमने केले, आम्ही थोडेच केले, हे कारण त्या क्षणानंतर पुरत नाही.

पाचही फरक एका मापाने मोजता येत नाहीत. इथे संत थॉमस अक्वायनास मदतीला येतात. त्यांच्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात स्त्रियांच्या नटण्यामुरडण्याविषयी एक प्रश्न आहे आणि रंगरंगोटी करून चेहरा बदलावा का, यावर त्यांनी बारकाईने लिहिले आहे. जुन्या आचार्यांनी अशा रंगरंगोटीवर कडक टीका केली होती. थॉमस त्यात एक फरक करतात. अंगी नसलेले सौंदर्य असल्याचे भासवणे वेगळे, आणि आजारपणाने किंवा तशाच कारणाने आलेली विद्रूपता झाकणे वेगळे. दुसरे करण्यास त्यांची हरकत नाही. तेराव्या शतकातल्या एका संन्याशाने हे लिहावे, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते.

हा फरक आपल्या मुलीच्या फोटोला लावून पाहू. हातावरचा वण झाकला तर ती फसवणूक नव्हे. लांब बाहीचा ब्लाऊज घालूनही तिने तो झाकला असता आणि कोणी नाव ठेवले नसते. अनोळखी चाळीस घरांना आपल्या अंगावरची प्रत्येक खूण दाखवण्याची सक्ती कोणत्याही मुलीवर नाही. पण इथेही एक बारकावा आहे. लांब बाही वण झाकते, त्याजागी गुळगुळीत कातडी दाखवत नाही. बाही सांगते, 'इथे काय आहे ते मी आत्ता दाखवत नाही.' प्रोग्रॅमने काढलेला उघडा, स्वच्छ हात सांगतो, 'इथे काहीही नाही.' पहिले मौन आहे, दुसरी साक्ष आहे, आणि आठव्या आज्ञेचा संबंध साक्षीशी आहे. दंड, कंबर आणि रंग यांत झाकण्याचा प्रश्नच नाही. तिथे नसलेले दाखवले आहे, आणि तेही अशा बाबतीत की ज्यांवरून आपल्या समाजात, दुर्दैवाने, होकार-नकार ठरतात.

राहिली साडी. आम्हाला आधी वाटले होते की साडी हा सगळ्यांत निरुपद्रवी बदल. साडी काय, कपाटात आहेच, नेसली की झाले. पण पुन्हा विचार केला. जालन्याच्या घराने साडीतला फोटो का मागितला? त्यांना कापड बघायचे नव्हते. 'आमच्या घरात ही मुलगी रुळेल का?' हा त्यांचा प्रश्न होता आणि तो त्यांनी आपल्या भाषेत, साडीच्या भाषेत विचारला. तो प्रश्न योग्य होता की नाही, हा वेगळा वाद आहे. आम्हाला विचाराल तर तो सरळ शब्दांत विचारायला हवा होता. पण जिने आयुष्यात दोनदा साडी नेसली, तिच्या अंगावर प्रोग्रॅमने साडी चढवून पाठवली, तर त्या प्रश्नाला तिच्या नकळत 'हो' असे उत्तर गेले. मुलांच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट आहे. टी-शर्टवरच्या मुलाला नुसता कोट घातला तर फारसे बिघडत नाही. पण जहाजावरच्या अधिकाऱ्याचा पांढरा गणवेश घातला, किंवा गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला, तर तो पोशाख राहत नाही, ते प्रमाणपत्र होते. कपडा जितके जास्त बोलतो, तितके त्याच्याविषयी खरे सांगणे जास्त आवश्यक.

कपड्याने साक्ष देण्याची सर्वांत जुनी गोष्ट आपल्या बायबलमध्येच आहे. उत्पत्तीच्या 27 व्या अध्यायात रिबका एसावाचे उत्तम कपडे याकोबाला घालते आणि त्याच्या हातांवर व मानेवर करडांची कातडी बांधते. आंधळा इसहाक चाचपून पाहतो. आवाजाबद्दल त्याला शंका येते, पण हात आणि कपड्यांचा वास यांवर तो विश्वास ठेवतो आणि थोरल्याचा आशीर्वाद धाकट्याला देऊन बसतो. ही पोशाख बदलण्याची युक्ती आईची होती, मुलगा आधी कचरला होता, हेही लक्षात घ्यावे. दोनच अध्याय पुढे तोच याकोब लाबानाच्या घरी राहेलसाठी सात वर्षे राबतो आणि लग्नाच्या रात्रीनंतर सकाळी बघतो तो शेजारी लेआ! संत ऑगस्टीन यांनी याकोबाच्या कृत्यात खोटे नव्हे तर गूढार्थ पाहिला. थोर संतापुढे आम्ही काय बोलणार? पण त्या सकाळच्या हकिकतीत आमचे लक्ष याकोबापेक्षा लेआकडे जास्त जाते. दुसरीच्या जागी उभी केलेली ती मुलगी. नवऱ्याने तिच्याकडे बघताच त्याच्या चेहऱ्यावर काय उमटले, ते तिने पाहिले असेल. पुढे आयुष्यभर ती त्याच्या प्रेमासाठी झुरली, हे पवित्र शास्त्रच सांगते.

बघण्याच्या कार्यक्रमात आपल्या मुलीला आपण हेच करतो. दार उघडते, पाहुण्यांची नजर तिच्यावर जाते, आणि अर्ध्या क्षणात त्या नजरेत फोटो आणि मुलगी यांची तुलना होऊन जाते. ती पाण्याचा ट्रे घेऊन उभी असते आणि तिला ते कळते. तिच्यात काहीही कमी नसताना ती तिच्याच फोटोपेक्षा कमी ठरते. फसवले जाणारे घर जालन्याचे खरे, पण सोसावे लागते ते भटवाडीच्या मुलीला. म्हणून पहिला नियम आम्ही पालकांना हाच सांगतो की मुलाला किंवा मुलीला दाखवल्याशिवाय आणि त्यांचा स्पष्ट होकार घेतल्याशिवाय त्यांचा बदललेला फोटो कोणालाही पाठवू नये. याला जोडून आणखी एक सांगतो. अनोळखी ॲपमध्ये मुलीचा फोटो टाकणे धोक्याचे आहे. साडी नेसवणारा प्रोग्रॅम जे तंत्र वापरतो, त्याच तंत्राने कपडे उतरवणारेही प्रोग्रॅम निघाले आहेत, आणि एकदा दिलेला फोटो कुठे जाईल हे आपल्या हातात नसते.

आता लिहायचे काय आणि कुठे, ते पाहू. कित्येक जण फोटोखाली 'एडिटेड' असे लिहून मोकळे होतात. त्याने काहीच कळत नाही. उजेड वाढवला तरी ते एडिटिंगच, आणि अख्खे अंग बदलले तरी एडिटिंगच. बघणाऱ्याला दोनच गोष्टी कळायला हव्यात, काय बदलले आहे आणि खरे कुठे बघायचे. म्हणून साधे वाक्य असावे, 'या फोटोतील साडी संगणकाने घातलेली आहे. मूळ फोटो शेजारी दिला आहे.' आणि खरोखरच शेजारी द्यावा, त्याच आकारात. 'बाकी सर्व मूळचे आहे' असे मात्र सहजासहजी लिहू नये. दोन्ही फोटो मोठे करून कपाळ, कान, मान, खांदे, दंड, मनगट, बोटे असे वरून खाली ताडून पाहावे आणि मगच लिहावे. बहुतेक वेळा ते लिहिता येत नाही, असा आमचा अनुभव आहे. आमच्या गोष्टीतल्या आईने प्रामाणिकपणे लिहायचे ठरवले असते तर वाक्य असे झाले असते, 'साडी संगणकाने घातली आहे. दंड व कंबर बारीक झाली आहे, रंग उजळला आहे आणि हातावरचे काही दिसत नाही.' एवढे लिहिल्यावर तो फोटो कोण पाठवील? पण म्हणूनच ते वाक्य आधी कागदावर लिहून बघावे. जे वाक्य लिहायला हात धजत नाही, तेच त्या फोटोत आक्षेपार्ह असते.

जागेचेही महत्त्व आहे. व्हॉट्सॲपवर फोटोखाली लिहिलेली ओळ फोटोबरोबर टिकेल याची खात्री नाही. जालन्याच्या मामांनी तो फोटो गॅलरीत ठेवला आणि तिथून पुढे पाठवला की ओळ मागेच राहते. फोटोच्या फाईलमध्ये लपलेली माहिती, म्हणजे तारीख, कॅमेरा वगैरे, तीही व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवताना गळून पडते. जेमिनीसारखे काही प्रोग्रॅम चित्राच्या कोपऱ्यात छोटी खूण आणि चित्रातच एक अदृश्य खूण ठेवतात. कोपऱ्यातली खूण कातरता येते, आणि अदृश्य खूण श्रीरामपूरच्या आजीला कशी दिसणार? म्हणून ओळ फोटोच्या आतच लिहावी, आणि कडेला न लिहिता कमरेखालच्या भागात लिहावी, म्हणजे कातरताना ती सहज जाणार नाही. अक्षर गडद आणि मागे पांढरी पट्टी असावी. पिवळे अक्षर बायोडेटाच्या झेरॉक्समध्ये नाहीसे होते. हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

सरकारनेही या बाबतीत पावले उचलली आहेत. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांनी नोंदणी करणाऱ्याची ओळख तपासावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे 2016 मध्ये निघाली होती. फेब्रुवारी 2026 मध्ये माहिती-तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती होऊन, संगणकाने बनवलेल्या आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चित्रांवर तसे स्पष्ट नमूद करण्याची जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर आली. पण आपल्या घरातून आत्याच्या घरी आणि आत्याकडून तिच्या नणंदेकडे जाणाऱ्या फोटोपर्यंत असे नियम पोहोचणे कठीणच. तिथे आपली सदसद्विवेकबुद्धीच काम करणार.

फोटो आपल्याकडे येतो तेव्हा काय बघावे? चेहरा बघू नये, चेहरा बहुधा चांगलाच जमलेला असतो. साडीचा काठ बघावा. खऱ्या काठावरची वेलबुट्टी ठरावीक अंतराने तशीच पुन्हा येते, रंगवलेल्या काठात ती मध्येच विरघळते किंवा बदलते. पदर खांद्यावरून मागे जातो तिथे तो कुठे संपतो ते बघावे. बांगड्या मनगटात शिरल्यासारख्या दिसतात का, दोन कानांतली कर्णफुले सारखी आहेत का, गळ्यातल्या साखळीची कडी मध्येच तुटते का, केसांच्या बटा ब्लाऊजवर पडतात तिथे अस्पष्टपणा आहे का, हे बघावे. कोटाची बटणे आणि काजी जुळतात का तेही पाहावे. एवढे करूनही खात्री देता येत नाही, कारण प्रोग्रॅम महिन्यागणिक सुधारत आहेत आणि आज सांगितलेली खूण पुढल्या वर्षी उपयोगी पडेलच असे नाही. खरी तपासणी साधी आहे. "घरातल्या एखाद्या लग्नातला सगळ्यांबरोबरचा फोटो असेल तर पाठवा ना," असे म्हणावे. चारचौघांत उभ्या असलेल्या माणसाची उंची, बांधा, हसणे सगळे आपोआप कळते. मात्र हे विचारताना आपल्या मुलाचाही तसाच फोटो आधी पाठवावा. मुलीच्या फोटोला भिंग लावायचे आणि मुलाचा पाच वर्षांपूर्वीचा फोटो द्यायचा, हा प्रकार आमच्या पाहण्यात अनेकदा आला आहे. जुना फोटो तारखेशिवाय देणे, यात आणि कंबर बारीक करण्यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

एका आईने आम्हाला विचारलेला प्रश्न मात्र आम्ही टाळू शकत नाही. ती म्हणाली, "सगळेच करतात. मी एकटीने लिहिलं तर माझ्याच मुलीचा फोटो बाजूला पडेल. खरं बोलायची शिक्षा तिला का?" तिचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. जिथे कोणीच लिहीत नाही तिथे लिहिणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतात. 'तुमची मुलगी चांगली असेल तर साडी खरी नेसवा,' एवढेच आम्ही तिला तेव्हा म्हणालो, आणि घरी आल्यावर आम्हाला ते उत्तर अपुरे वाटले. एकट्याच्या प्रामाणिकपणाचे ओझे हलके करायचे असेल तर नियम सर्वांनी मिळून पाळावा लागतो. ख्रिस्तसभेने हे पूर्वी केलेले आहे. गुपचूप होणाऱ्या विवाहांत लोक फसत होते, तेव्हा 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवले की विवाह आधी चर्चमध्ये जाहीर करावा, म्हणजे कोणाला काही अडचण माहीत असेल तर ती पुढे येईल. मिस्सेच्या शेवटी वाचल्या जाणाऱ्या बॅन्सचे मूळ तिथे आहे. सर्वांचीच नावे वाचली जातात, म्हणून कोणाला आपल्यावर अविश्वास दाखवला असे वाटत नाही. आपल्या धर्मग्रामात स्थळांची माहिती एकमेकांना देणारे जे गट आहेत, त्यांनीही असेच ठरवावे. प्रत्येक बायोडेटाबरोबर एक वर्षाच्या आतला, तारीख घातलेला, न बदललेला एक फोटो असावा. त्याशिवाय बदललेला द्यायचा असल्यास ओळीसह द्यावा. नियम सर्वांना सारखा असला की त्या आईच्या मुलीचा फोटो बाजूला पडणार नाही.

काही जण आम्हाला भीतीने विचारतात, अशा फोटोमुळे पुढे लग्न रद्द ठरते का? धर्मसभेच्या 1983 च्या कायदेसंहितेत कलम 1098 आहे. दुसऱ्याची संमती मिळवण्यासाठी मुद्दाम फसवणूक केली आणि ती अशा गुणाविषयी असली की ज्यामुळे वैवाहिक जीवनच गंभीरपणे बिघडू शकते, तर विवाह अवैध ठरतो. कंबर किंवा रंग हा तसा गुण सहसा म्हणता येणार नाही, शिवाय लग्नाआधी दोघे एकमेकांना भेटलेले असतात. नुसत्या साडीच्या फोटोवरून कोणी धर्मसभेच्या न्यायासनापुढे जाऊ नये. खोट्या गणवेशाच्या पाठीमागे खोटी नोकरी, किंवा लपवलेला गंभीर आजार असेल, तर ती बाब वेगळी. वणाबद्दलही कोणी विचारते, सांगायचे कधी? आम्हाला वाटते, फोटोत नव्हे, पण साखरपुड्याची तारीख ठरण्याआधी, आणि सांगावे मुलीने स्वतः मुलाला. आईने मामांकरवी कळवू नये.

भटवाडीच्या त्या घरात शेवटी काय झाले, तेही सांगून टाकतो, म्हणजे ज्यांचे फोटो आधीच गेले आहेत त्यांना उपयोग होईल. मुलीने पुढच्या रविवारी मिस्सेला जाताना आईची मोरपंखी साडी नेसली, निऱ्यांना तीन पिना लागल्या, आणि मिस्सेनंतर ग्रोटोजवळ धाकट्या भावाने पाच-सहा फोटो काढले. त्यातला एक आईने जालन्याच्या त्याच नंबरवर पाठवला आणि खाली लिहिले, 'आधीच्या फोटोतली साडी मोबाईलवर घातलेली होती आणि त्यात मुलगी जरा वेगळी दिसते. हा कालचा फोटो आहे. आधीचा कृपया पुढे पाठवू नये.' दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी तिकडून मुलाच्या आईचा फोन आला आणि तिने पहिल्यांदा विचारले ते असे, "आमच्या मुलाचा कोटही तसलाच आहे, तुम्हाला कळलं होतं का?"